पिशवी काढण्याआधीची तपासणी

माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि इथलीच जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. पुढे नीलम गोऱ्हे समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम तेव्हाच आला. मागे वळून पाहताना मला मात्र एकच विचारावंसं वाटतं: काढण्याआधी आतलं अस्तर तपासलं होतं का?

कित्येक जणींची तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची होती. त्याला आतून तपासून औषध द्यायचं असतं. क्युरेटिंगचीही गरज नसते. अस्तर तपासायचं ते पाळीत रक्त जास्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर.

समजा, ४२ वर्षांची बाई आहे, सहा महिने पाळी दहा-दहा दिवस चालते आणि सोनोग्राफीत अस्तर जाड दिसतं. नुसतं क्युरेटिंग म्हणजे न बघता खरवडणं. त्यात कोपऱ्यातला मस्सा सहज सुटतो. हिस्टेरोस्कोपीत पिशवीच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत जाते, सलाइनने पोकळी फुगते आणि मस्सा समोर दिसतो. तो तिथेच काढता येतो. भूल बहुधा शिरेतून, थोड्या वेळाची असते. कधी कमरेतून, कधी फक्त पिशवीच्या तोंडाशी. आधी सहा तास जेवण बंद. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

धोके कमी, पण खरे आहेत. अवजार मोजलेल्या खोलीपेक्षा अडथळा न लागता आत गेलं, तर पिशवीला भोक पडल्याचा संशय धरून तिथेच थांबायचं. घरी गेल्यावर ताप, घाण वास, वाढतं पोटदुखणं किंवा तासाला पॅड भिजणं दिसलं तर लगेच परत यायचं. जोरात खरवडलं तर आतून चिकटून पुढे पाळीच बंद पडू शकते.

खरी किंमत आतून काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टला आहे. साधा मस्सा निघाला तर काम तिथेच संपतं. अस्तर वाढलंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत, तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा नमुना. पेशी बिघडलेल्या असतील किंवा कर्करोग असेल, तर पिशवी काढण्याचा सल्ला रास्त ठरतो. मांसल भिंतीतली गाठ मात्र या तुकड्यात कळत नाही. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी वेगळी.

क्षयाची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता साध्या सलाइनमध्ये पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून बघता येत नाहीत. दोन बाटल्या, दोन्हींवर नाव आणि तारीख.