नरसाळ्याचा सपाट पत्रा

पिंपाला लावायचं नरसाळं असो, गिरणीच्या हॉपरचा खालचा निमुळता भाग असो की हॉटेलच्या भटारखान्यातून धूर बाहेर नेणाऱ्या डक्टचा सांधा असो, या सगळ्याची सुरुवात सपाट पत्र्यावर काढलेल्या एका आकृतीने होते. कापायच्या आधी ही आकृती अचूक काढावी लागते, कारण कातर एकदा चालली की पत्रा वाढवता येत नाही. पत्रेकामात या कामाला आखणी किंवा डेव्हलपमेंट म्हणतात. कारखान्यात हातोडा चालवणारे पुष्कळ भेटतात, आखणी करणारा एखादाच असतो, आणि त्याच्या शब्दाला मान असतो तो यामुळेच.

नवख्या माणसाची पहिली कल्पना अशी असते की, नरसाळं वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे पत्राही वर रुंद आणि खाली अरुंद असा चौकोनी कापावा. तसा सरळ कडांचा तुकडा गुंडाळला की शंकू होतो खरा, पण त्याचं तोंड एका पातळीत येत नाही. जमिनीवर उपडं ठेवलं की ते डुगडुगतं. चण्याची पुडी उलगडून पाहिली तर कारण कळतं. पुडीच्या टोकापासून तोंडाच्या काठापर्यंतचं अंतर सगळीकडून सारखं हवं असेल, तर सपाट कागदावर तो काठ सरळ रेषा असूच शकत नाही. एका बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेली रेषा म्हणजे वर्तुळाचा कंस. नरसाळ्याला टोक नसतं, ते कापलेलं असतं. म्हणून त्याच्या पत्र्यावर एकाच केंद्रातून काढलेले दोन कंस येतात, मोठ्या तोंडाचा एक आणि लहान तोंडाचा एक.

एक नरसाळं घेऊ. वरचं तोंड ४०० मिलिमीटर व्यासाचं, खालचं १०० चं, उंची २००. दोन्ही व्यासांतला फरक ३००, त्याचा निम्मा १५०. म्हणजे नरसाळ्याची भिंत २०० खाली उतरताना १५० आत सरकते. काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने भिंतीची तिरकी लांबी येते २५०. या २५० च्या उतारात व्यास ३०० ने घटतो, तेव्हा पूर्ण ४०० चा व्यास संपून टोक यायला ३३३ लागतील. मोठ्या कंसाची त्रिज्या ही. त्यातून २५० वजा केले की उरतात ८३, ती लहान कंसाची त्रिज्या.

आता कंस किती लांब ठेवायचा? मोठ्या तोंडाचा परीघ १२५७ मिलिमीटर भरतो. ३३३ त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परीघ २०९४. म्हणजे पूर्ण वर्तुळाचे सहा दशांश, २१६ अंश. लहान कंस त्याच २१६ अंशांत ३१४ भरतो आणि १०० व्यासाचा परीघही ३१४ च आहे, म्हणजे हिशेब जुळला. एवढा मोठा कोन पत्र्यावर कोनमापकाने आखू नये. अर्ध्या अंशाची चूक इथे जवळजवळ तीन मिलिमीटर होऊन बसते. त्यापेक्षा वर्तुळाचा जो तुकडा टाकून द्यायचा आहे, त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजावं. आपल्या नरसाळ्यात ते ६३४ येतं. पट्टी लावून एवढं अंतर धरलं की कोन आपोआप बरोबर येतो. मग बारीक लवचीक पट्टी कंसाच्या कडेने फिरवून १२५७ भरतात का ते पाहावं.

सगळ्यात फसवी चूक इथेच होते. तिरक्या लांबीच्या जागी उभी उंची धरली जाते, २५० च्या जागी २००. तसा हिशेब पुढे नेला तर त्रिज्या २६७ येते, कोन २७० अंश येतो आणि गंमत म्हणजे दोन्ही तोंडं अगदी अचूक, ४०० आणि १०० चीच बनतात. करणारा खूश होतो. नरसाळं जागेवर नेलं की कळतं, उंची २०० नाही, १३२ भरते. तोंडं बरोबर म्हणजे आखणी बरोबर, हा समज म्हणून सोडावा आणि तयार मालाची उंची आधी मोजावी.

पत्रा पातळ असेल तर जाडीचा विचार केला नाही तरी चालतं. जाड पत्र्यात ते महागात पडतं. पत्रा वळवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, मधला थर जवळपास तेवढाच राहतो. म्हणून परिघाचा हिशेब मधल्या व्यासावर करायचा. बाहेरून ४०० हवं असेल आणि पत्रा ३ मिलिमीटरचा असेल तर व्यास ३९७ धरावा. आतून ४०० हवं असेल तर ४०३. हे विसरलं तर परिघात साडेनऊ मिलिमीटरांचा फरक पडतो.

सांध्याची वाढ वेगळी. दोन कडा एकमेकींत अडकवून लॉक मारायचं असेल तर लॉकच्या रुंदीच्या तिप्पट पत्रा जास्त धरतात. ६ मिलिमीटरच्या लॉकला १८, त्यातले ९ एका कडेला आणि ९ दुसऱ्या. वेल्डिंग करायचं असेल तर कडेला कड टेकते, तिथे ही वाढ लागत नाही.

नरसाळं एका त्रिज्येवर सुटतं. खरी परीक्षा चौकोनी डक्टला गोल पाइप जोडताना होते. खाली चौकोन, वर गोल, मधला तुकडा धड शंकू नाही, धड पेटी नाही. इंग्रजीत याला ट्रान्झिशन म्हणतात, वर्कशॉपमध्ये नुसतं ‘स्क्वेअर टु राउंड’. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा आकार वळणावळणाचा वाटतो. नीट पाहिलं तर त्यात दोनच गोष्टी आहेत. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण उभा आहे, ज्याचा शेंडा वर्तुळाला टेकतो. अशा दोन त्रिकोणांच्या मध्ये कोपऱ्यावर एका तिरक्या शंकूचा तुकडा आहे, त्या शंकूचं टोक म्हणजे चौकोनाचा तो कोपरा. चार सपाट त्रिकोण, चार शंकूचे तुकडे. एवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

उदाहरणाला ४०० चा चौकोन, ३०० व्यासाचं वर्तुळ, दोन्हींचे मध्य एकावर एक, उंची ३००. वरून पाहिल्यासारखं चित्र काढून वर्तुळाचे बारा भाग करायचे. प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला तीन भाग, म्हणजे चार बिंदू येतात. कोपऱ्यापासून त्या चार बिंदूंपर्यंत रेषा ओढल्या की कडेच्या दोन सारख्या, मधल्या दोन सारख्या. चित्रावर मोजल्या तर कडेच्या २०६ आणि मधल्या १४३ भरतात. पण या रेषा खऱ्या नाहीत. प्रत्यक्षात त्या ३०० वर चढतात, वरून पाहताना तो चढ दिसत नाही. म्हणून प्रत्येकीची खरी लांबी वेगळी काढायची: गुण्या लावून उभी ३०० ची रेषा, तळाला २०६, तिरकं अंतर ३६४. तसंच १४३ वरून ३३२.५. या सगळ्या कामाचा जीव त्या दोन आकड्यांत आहे.

मग पत्र्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. सुरुवात सपाट त्रिकोणाच्या मधून करावी, कारण सांधा तिथे ठेवला की तो सपाट जागी येतो आणि सगळ्यात आखूडही असतो. तळाला २०० ची रेषा, तिला काटकोनात ३०४ ची रेषा, ती सांध्याची कड. तळरेषेचं दुसरं टोक चौकोनाचा पहिला कोपरा, कडेचं वरचं टोक वर्तुळावरचा पहिला बिंदू, आणि या दोघांत बरोबर ३६४ भरायला हवेत. पुढे कोपऱ्यावरून कंपासने ३३२.५ चा कंस मारायचा आणि पहिल्या बिंदूवरून वर्तुळाच्या एका भागाचा. दोन कंस जिथे छेदतात तो दुसरा बिंदू. पुन्हा ३३२.५, मग ३६४. आता शेवटच्या बिंदूवरून ३६४ आणि कोपऱ्यावरून ४०० मारले की पुढचा कोपरा मिळतो. असे चारही कोपरे झाले की शेवटी पुन्हा अर्धा त्रिकोण उरतो. तिथली सांध्याची कड ३०४ ची आणि तळाशी काटकोनात आली तर आखणी बिनचूक. गुण्या बसला नाही तर वाटेत कुठेतरी कंपास सरकला आहे, आणि कातर हातात न घेतलेली बरी.

वर्तुळाच्या एका भागाचं माप किती, हा प्रश्न बारीक आहे. डिव्हायडरने दोन बिंदूंमधलं सरळ अंतर उचललं तर ते ७७.६ येतं. कंसाची खरी लांबी ७८.५ आहे. फरक एका मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण तो बारा वेळा साठतो आणि तोंडाचा परीघ जवळजवळ ११ मिलिमीटरने आखूड पडतो. व्यास साडेतीन मिलिमीटरने, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त कमी. मग ३०० चा कॉलर बसत नाही आणि दोष बिचाऱ्या कॉलरवाल्याच्या माथी जातो. वर्तुळाचे चोवीस भाग केले तर हीच तूट पावणेतीन मिलिमीटरवर येते. बारावरच भागवायचं असेल तर कंपासमध्ये सरळ ७८.५ धरावेत.

कापल्यावर वळवतानाही आकार बिघडू शकतो. कोपऱ्यातून निघणाऱ्या चारही रेषांवर थोडं थोडं वळण द्यायचं असतं. सगळा बाक एकाच रेषेवर दिला की तिथे घडी पडते आणि वरचं तोंड गोल न होता चपटं येतं. उलट सगळा तुकडा रोलिंग मशीनमधून काढला तर सपाट राहायला हवेत ते चार त्रिकोण फुगतात. या रेषा जीआय पत्र्यावर टोकदार स्क्राइबरने ओरखडू नयेत. जस्ताचा थर निघतो आणि गंज नेमका तिथून लागतो.

चौकोन आणि वर्तुळ यांचे मध्य एका रेषेत नसतील तर पद्धत हीच, फक्त दोन खऱ्या लांब्यांवर भागत नाही, प्रत्येक कोपऱ्याच्या वेगळ्या काढाव्या लागतात. घुमटासारखा सगळीकडून फुगीर आकार मात्र या कोणत्याच रीतीने उलगडत नाही. गोलाचा तुकडा ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे कार्ल गाऊस याने १८२७ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे घुमट एक तर पाकळ्या पाकळ्या जोडून जवळपास गोल करतात किंवा पत्रा ठोकून, दाबून फुगवतात.

आता लेझरवर कापणारे सॉफ्टवेअरमधून आखणी काढतात आणि ती मिनिटभरात मिळते. पण सॉफ्टवेअरही तुम्ही दिलेल्या मापांवरच चालतं. म्हणून पत्र्याचं काम करायला टाकताना नुसते व्यास आणि उंची लिहून देऊ नका. मापं आतली की बाहेरची, पत्रा किती जाडीचा, उंची उभी की तिरकी, आणि तोंडात पाइप आतून बसणार की बाहेरून, या चार गोष्टी कागदावर लिहूनच द्या.