सकाळी पहिलं पाऊल टेकवताच टाचेत कळ का येते? पलंगावरून उतरण्याआधी करायचा सोपा स्ट्रेच

समजा, एक ४६ वर्षांच्या काकू आहेत. पोळी-भाजीचं काम घेतात. सकाळी साडेपाचला उठतात, पाय जमिनीला टेकवतात आणि उजव्या टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून, चवड्यावर लंगडत त्या बाथरूमपर्यंत जातात. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर दुखणं बरंच कमी होतं, त्यामुळे त्या कामाला लागतात. चार-पाच तास ओट्याशी अनवाणी उभं राहून पोळ्या झाल्या की टाच पुन्हा ठणकायला लागते. दुपारी थोडं बसून उठल्या की पुन्हा तीच सकाळची कळ.

अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. रात्रभर पायाला पूर्ण आराम मिळालेला असताना सकाळीच टाच सर्वांत जास्त का दुखते, हा प्रश्न मग पडतोच.

दुखतं नेमकं काय?

तळपायात कातडीच्या खाली एक जाड, चिवट पट्टा असतो. तो टाचेच्या हाडापासून सुरू होतो आणि पुढे पसरत पाचही बोटांच्या मुळाशी जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान उचलून धरणं हे त्याचं काम.

हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे सततच्या ताणाने त्याची झीज होते. तासन्‌तास कडक फरशीवर उभं राहणं, वाढलेलं वजन, पातळ तळव्याची चप्पल, एकदम वाढवलेलं चालणं किंवा धावणं आणि आखडलेल्या पोटऱ्या ही त्याची नेहमीची कारणं. या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

झोपेत आपलं पाऊल पुढच्या बाजूला झुकलेलं असतं. त्यामुळे हा पट्टा रात्रभर सैल, आखूड अवस्थेत राहतो. सकाळी आपण उठून उभे राहतो तेव्हा सगळ्या शरीराचं वजन एका क्षणात त्याच्यावर येतं आणि तो झटक्यात ताणला जातो. हा झटका बसतो तो नेमका झिजलेल्या जागी. चार पावलं चालून पट्टा सैलावला की कळ कमी होते.

‘टाचेचं हाड वाढलंय’ हे खरं आहे का?

टाच दुखली की अनेक जण एक्स-रे काढतात. त्यात टाचेखाली काट्यासारखं हाड दिसलं की तेच दुखतंय असं वाटतं. पण टाच कधीच न दुखलेल्या अनेक लोकांच्या एक्स-रेतही असा काटा दिसतो. शिवाय ज्यांचं दुखणं पूर्ण बरं होतं, त्यांचा काटाही तिथेच राहतो. म्हणजे काटा दिसला म्हणून घाबरायची किंवा ऑपरेशनचा विचार करायची गरज नसते.

पहिलं पाऊल टाकण्याआधीचा स्ट्रेच

सकाळचा झटका हाच मुख्य त्रास असेल, तर तो बसण्याआधीच पट्टा हळूहळू ताणून घ्यायचा. या स्ट्रेचची कल्पना एवढीच आहे.

१. पलंगाच्या कडेला बसा. पाय जमिनीला टेकवू नका. दुखणाऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर ठेवा.

२. दुखणाऱ्या बाजूच्या हाताने पायाची पाचही बोटं मुळाशी धरा आणि नडगीच्या दिशेने सावकाश मागे ओढा.

३. दुसऱ्या हाताचा अंगठा तळपायाच्या कमानीवर दाबून बघा. आत ताणलेल्या दोरीसारखा पट्टा हाताला लागला, तर स्ट्रेच बरोबर होतोय.

४. दहा अंक मोजेपर्यंत धरा आणि सोडा. असं १० वेळा करा. मग बाजूला ठेवलेली चप्पल घालून उभे राहा.

बोटं मागे ओढल्याने काय होतं? विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला की तो ताठ होतो. तसाच हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जाऊन ताठ होतो. बोटांची फक्त टोकं ओढली तर हे घडत नाही, म्हणून बोटं मुळाशीच धरायची.

हात पायापर्यंत पोहोचत नसेल तर पाय लांब करून बसा. टॉवेल किंवा जुनी ओढणी बोटांच्या मुळाशी अडकवा आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा.

हा स्ट्रेच दिवसातून तीनदा करायचा असतो. एकदा उठताना आणि बाकीचे दोन वेळा बराच वेळ बसून उठण्याआधी. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००३ साली याच पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या रुग्णांची टाच किमान १० महिन्यांपासून दुखत होती. फक्त पोटरीचा स्ट्रेच करणाऱ्यांपेक्षा हा स्ट्रेच करणाऱ्यांना आठ आठवड्यांत जास्त आराम पडला.

पोटरीलाही विसरू नका

पोटरी आखडलेली असेल तर चालताना तळपायावर जास्त ओढ येते. भिंतीवर दोन्ही हात टेकवून उभे राहा. दुखणारा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका. पोटरीत ताण जाणवला की ३० सेकंद थांबा. असं तीनदा करा. मग मागचा गुडघाही थोडा वाकवून पुन्हा तसंच करा.

संध्याकाळी टाच ठणकत असेल तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून ती पातळ फडक्यात गुंडाळा आणि पाच-दहा मिनिटं तळपायाखाली फिरवा. डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर बर्फ वापरू नका, कारण कातडीला इजा झालेली कळत नाही.

किती दिवसांत फरक पडतो?

इथेच बहुतेकांचं चुकतं. आठवडाभर स्ट्रेच करून फरक दिसला नाही की ते बंद होतं. झिजलेला पट्टा सावकाश भरून येतो, त्यामुळे सहा ते आठ आठवडे रोज करायची तयारी हवी. पूर्ण बरं व्हायला काही महिने लागू शकतात, पण बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय जातं.

वरच्या उदाहरणातल्या काकूंनी स्ट्रेचसोबत ओट्याशी मऊ, जाड तळव्याची घरात वापरायची वेगळी चप्पल घालायला हवी. दर तासाला पाच मिनिटं बसायला हवं आणि उठण्याआधी बोटं ओढून घ्यायला हवीत. फरक मोजायची सोपी खूण म्हणजे सकाळी लंगडत किती पावलं चालावं लागतं. ती पावलं आठवड्यागणिक कमी होत असतील तर गाडी योग्य दिशेने चालली आहे. स्ट्रेचनंतर दुखणं वाढून दुसऱ्या दिवशीही तसंच राहत असेल, तर ओढ कमी करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

टाचेचं प्रत्येक दुखणं प्लांटर फॅसायटिस नसतं. झोपेत किंवा पाय वर घेऊन बसल्यावरही टाच ठणकत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, सूज, लाली किंवा ताप असेल, तर वाट बघू नका. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तळपायात अचानक ‘टक’ झालं आणि पाय टेकवता येईना, तर पट्टा फाटलेला असू शकतो. अशा वेळी स्ट्रेच करू नका.

तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते, म्हणून कमरेचं दुखणंही डॉक्टरांना आवर्जून सांगा.