नव्या दवाखान्याला शुभेच्छा देताना

ओळखीतल्या डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना काढला की आनंदाच्या भरात कुणीतरी फ्लेक्सवाल्याला गाठतंच. वर डॉक्टरांचा हसरा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग आणि मधोमध ‘जुनाट आजारांवर हमखास इलाज’. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे डॉक्टरच अडचणीत येऊ शकतात.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी व्यावसायिक वर्तनाचे २००२ सालचे नियम आहेत. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला त्यांत बंदी आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला किंवा डॉक्टर सुट्टीनंतर परत आले, एवढं साधं निवेदन मात्र वर्तमानपत्रात देता येतं. दारावरची पाटीसुद्धा अवाढव्य नको. तिच्यावर नाव, पदव्या, विशेषज्ञता आणि नोंदणी क्रमांक एवढंच असावं, डॉक्टरांचा फोटो नसावा. ओळखीच्या औषधवाल्याने प्रेमापोटी आपल्या दुकानावर डॉक्टरांची पाटी लावली, तर तेही नियमात बसत नाही. म्हणून चौकात काही झळकवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बहुतेक जण संकोचून ‘कशाला उगाच’ म्हणतील. तो नकारच समजावा.

मग अभिनंदन कसं करावं? पत्राने, फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटून. फक्त ‘व्यवसायाची भरभराट होवो’ हे वाक्य दुकानाला शोभतं. दवाखान्यात त्याचा अर्थ गावात आजारपण वाढो असाही निघतो! त्यापेक्षा त्या माणसाबद्दलच लिहावं. समजा, मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून एखादी बालरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी परतली आहे. तिला असं लिहिता येईल:

‘डॉक्टर, मनापासून अभिनंदन. आमच्या नातीला रात्री ताप चढला तेव्हा तुम्ही घाई न करता आम्हाला सगळं समजावून सांगितलंत, ते अजून आठवतं. आता पोरांना घेऊन जिल्ह्याला धावावं लागणार नाही, याचा आम्हाला मोठा आधार वाटतो. सुरुवातीला काही दिवस वेटिंग रूम रिकामी दिसली तर मनाला लावून घेऊ नका. दवाखान्यात काही मदत लागली तर हक्काने सांगा.’

यात आठवण खरी हवी. ती नसेल तर शेवटची तीन वाक्यंही पुरतात. हातगुणाची स्तुती आणि ‘तुमच्याकडे गेलं की बरं होतंच’ ही खात्री मात्र टाळावी, कारण असं पत्र कुणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं की त्याचीच जाहिरात होते.

उद्घाटनाला जाताना पेढे, रोप, भिंतीवरचं घड्याळ असं काहीही न्यावं. तिथे सत्यनारायणाचा प्रसाद घेता घेता गुडघा दाखवू नये आणि जुने रिपोर्ट पिशवीतून काढू नयेत. तपासून घ्यायचं असेल तर नंतर वेळ घेऊन जावं. फीचा फलक दवाखान्यात लावणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरच्यासारखे म्हणून त्यावरचा आकडा कमी करून मागू नये. नव्या दवाखान्याला पहिल्याच महिन्यापासून जागेचं भाडं आणि नर्सचा पगार असतो.