राजीनाम्यानंतर फाइलमध्ये काय उरते

कर्मचाऱ्यांसाठीची गोपनीयता सूचना हा कंपनीने आपल्या माणसांना द्यायचा लेखी हिशेब असतो. कोणती माहिती घेतली, ती कशासाठी लागते, कोणाकडे जाते आणि किती काळ राहते, एवढे त्यात यायला हवे. बहुतेक कंपन्यांत हा कागद रुजू होण्याच्या दिवशी नियुक्तीपत्र, पीएफचे फॉर्म आणि विम्याच्या अर्जासोबत सहीसाठी पुढे सरकवला जातो आणि न वाचताच त्यावर सही होते.

भारतात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कायद्यानुसार संमती मागताना सूचना द्यावी लागते आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ठेवावी लागते. नोकरदारांच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. कलम ७ नुसार नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी लागणारी माहिती संमतीशिवायही वापरता येते. व्यापारी गुपिते फुटू नयेत म्हणून केलेली देखरेखही त्यातच मोडते. जिथे संमतीच लागत नाही, तिथे कलम ५ची सूचनाही सक्तीची राहत नाही. शिवाय आपली माहिती मागून घेण्याचा आणि खोडून घेण्याचा हक्क कायद्याने प्रामुख्याने संमतीने दिलेल्या माहितीशी जोडला आहे. त्यामुळे पगार आणि हजेरीच्या नोंदींबाबत कर्मचाऱ्याच्या हातात कायद्यापेक्षा कंपनीची सूचनाच अधिक ठोस असू शकते. ती मोघम असेल तर हातात फारसे काही उरत नाही.

सूचनेतला पहिला भाग, म्हणजे माहितीची यादी, सहसा नीट लिहिलेला असतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, पॅन, बँक खाते, शिक्षणाचे दाखले, आधीच्या नोकरीचा तपशील. त्यातही दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे घरच्यांची माहिती. समूह आरोग्य विम्यासाठी आईवडील, जोडीदार आणि मुले यांची नावे व जन्मतारखा दिल्या जातात, आणि त्या माणसांनी कंपनीच्या कुठल्याच कागदावर सही केलेली नसते. दुसरी म्हणजे माणूस काही देत नसताना आपोआप जमा होणारी माहिती: दारावरच्या कार्डाच्या वेळा, सीसीटीव्हीचे चित्रण, कंपनीच्या लॅपटॉपवरच्या नोंदी, फिरतीच्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलमधले ठिकाण. प्रामाणिक सूचना ही दुसरी यादी वेगळी मांडते.

हेतूच्या रकान्यात ‘व्यवसायाच्या गरजेसाठी’ असे लिहिले असेल तर तो रकाना कोराच समजावा. बँक खाते पगारासाठी, जन्मतारीख पीएफ व विम्यासाठी, अशी प्रत्येक नोंदीपुढे तिची गरज लिहिली की अनावश्यक मागणी आपोआप उघडी पडते. ओळख पटवण्यापुरते आधार हवे असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार पुरते. तरीही अनेक ठिकाणी पूर्ण आधारची छायाप्रत फाइलला लागते, तीही दोनदोनदा.

हेतू सैल सुटला की काय होते, याचे जर्मनीतले उदाहरण बोलके आहे. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या न्युरेंबर्ग येथील सेवाकेंद्रात रजेवरून परतलेल्यांशी वरिष्ठ गप्पा मारत. त्यातून कळलेली आजारपणे, घरातल्या अडचणी, धार्मिक समजुती यांची टिपणे संगणकात साठत गेली आणि अनेक व्यवस्थापकांना ती वाचता येत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये यंत्रणेतल्या चुकीमुळे ही टिपणे काही तास कंपनीभर दिसू लागली आणि सगळा प्रकार बाहेर आला. हॅम्बर्गच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे ३.५३ कोटी युरोंचा दंड केला. नोकरीतल्या निर्णयांसाठीही ही टिपणे वापरली जात होती, ही त्यातली सर्वांत गंभीर बाब.

कोणत्याही सूचनेचा खरा कस लागतो तो मुदतीच्या रकान्यात. युरोपच्या कायद्यात मुदत किंवा ती ठरवण्याचा निकष सांगणे बंधनकारक आहे. भारतीय कायदा कलम ५च्या सूचनेत ते मागत नाही. हेतू संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितले नसेल तर, माहिती पुसावी एवढे तो सांगतो. त्यामुळे ‘आवश्यक असेपर्यंत’ हे शब्द इथे सर्रास दिसतात.

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला पर्यवेक्षक ३० जून २०२७ रोजी नोकरी सोडतो. त्याच्या पगाराच्या नोंदी कंपनीच्या हिशेबवह्यांचा भाग असतात आणि कंपनी कायद्यानुसार मागच्या आठ आर्थिक वर्षांच्या वह्या जपाव्या लागतात. त्याचा शेवटचा पगार २०२७-२८ या वर्षात पडतो, म्हणून ती नोंद ३१ मार्च २०३६ पर्यंत राहणार. मुदत राजीनाम्याच्या तारखेपासून नाही, तर आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजली जाते. म्हणून सूचनेत ‘आठ वर्षे’ एवढेच लिहून भागत नाही, कधीपासून तेही लिहावे लागते.

नेमणुकीची व कामगिरीची कागदपत्रे ठेवण्याचे कारण वेगळे असते. थकीत वेतनाचा दावा वेतन संहितेनुसार तीन वर्षांच्या आत करता येतो. तेव्हा ही कागदपत्रे साधारण तेवढा काळ जपणे समजण्यासारखे आहे. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक यंत्रणांत काही आठवड्यांनी स्वतःवरच पुन्हा लिहिले जाते. चोरी किंवा अपघाताचा भाग तेवढा वेगळा काढून ठेवतात.

हजेरीच्या बोटाच्या ठशाचा हेतू मात्र शेवटच्या दिवशीच संपतो. यंत्र सहसा ठशाचे चित्र न ठेवता त्यावरून काढलेला आकड्यांचा साचा साठवते. पण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही, म्हणून तो साचा लगेच पुसणे योग्य. गफलत इथेच होते. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्मचारी ‘निष्क्रिय’ केला जातो, पण गेटवरच्या, कॅन्टीनच्या आणि दुसऱ्या शेडमधल्या यंत्रांत साचा तसाच राहतो. तपासण्याची रीत सोपी आहे. सोडून गेलेल्या माणसाचा कर्मचारी क्रमांक प्रत्येक यंत्राच्या यादीत शोधायचा. तो सापडला तर सूचनेतली मुदत कागदावरच राहिली.

निवड न झालेल्या उमेदवारांच्या अर्जांचेही असेच होते. ते एचआरच्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून असतात आणि कोणत्याही तक्त्यात त्यांची नोंद नसते.

वाद न्यायालयात गेला असेल तर त्या प्रकरणातले कागद निकाल लागेपर्यंत पुसता येत नाहीत, आणि हा अपवाद सूचनेत आधीच लिहिलेला असावा. पगारपत्रक बनवणारी एजन्सी, विमा दलाल, पूर्वइतिहास तपासणारी संस्था यांच्याकडेही प्रती गेलेल्या असतात. आपल्या वतीने माहिती हाताळणाऱ्यांकडूनही ती पुसून घेण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवरच टाकली आहे. म्हणून सूचनेत अशा सगळ्यांची यादी आणि तक्रार कोणाकडे करायची हे स्पष्ट असावे लागते. कंपनीने दाद दिली नाही, तर पुढची पायरी डेटा संरक्षण मंडळाची.