जुन्या बेअरिंगची खरी किंमत

आयशर ट्रॅक्टर्सने जपानहून बेअरिंग मागवली. माल जुना, पडून राहिलेला, म्हणून विक्रेत्याने ७७ टक्के सूट दिली. मुंबई कस्टम्सला हे पटले नाही. विक्रेत्याच्या दरपत्रकावर त्यांनी फक्त ३० टक्के सूट धरली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००० साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दरपत्रक म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत नव्हे आणि केवळ मोठी सूट हे ती किंमत नाकारण्याचे कारण ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून मूल्याच्या अपिलात करार, बँकेतून गेलेले पैसे आणि माल स्वस्त का मिळाला याचा पुरावा जोडावा.

वर्गीकरणाचा वाद मात्र वस्तूच्या घडणीवर ठरतो. तिथे कॅटलॉग, आराखडा आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. वस्तू काय काम करते हे साध्या शब्दांत लिहावे आणि ते शुल्कसूचीतील प्रकरण-टिपांशी जुळवून दाखवावे. वेगळे वर्गीकरण सिद्ध करण्याचा भार खात्यावर असतो, हा मुद्दा अनेक अपिलांत मांडायचाच राहतो.

आयुक्त (अपील) यांच्याकडे जाण्यासाठी आदेश मिळाल्यापासून ६० दिवस मिळतात. वादातल्या शुल्काचे साडेसात टक्के आधी भरावे लागतात.