पीजीचं डिपॉझिट अडकलं, तर दाद कुठे मागायची?

खोली सोडताना डिपॉझिट परत मिळालं नाही, तर पहिला प्रश्न असतो तो योग्य दार निवडण्याचा. इथे चुकलं की महिने वाया जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातले सक्षम प्राधिकारी लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध घरमालकाचा अर्ज ऐकतात. डिपॉझिट वसुलीसाठी ते दार नाही. नुसता फ्लॅट भाड्याने घेतला असेल, तर ग्राहक आयोगही बहुधा तक्रार घेत नाही, कारण फक्त जागा वापरायला देणं म्हणजे सेवा नव्हे. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. पीजी किंवा खासगी हॉस्टेलचं मात्र वेगळं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या सेवेच्या व्याख्येत राहण्या-जेवणाची सोय स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

एक उदाहरण घेऊ. सोलापूरची एक मुलगी पुण्यात हिंजवडीला पीजीत राहत होती. दोन वेळचं जेवण धरून महिना 10,000 रुपये आणि डिपॉझिट 20,000. नियमाप्रमाणे महिनाभर आधी कळवून तिने 31 मार्चला खोली सोडली. मालकाने रंगकामाचे 6,000 कापले आणि उरलेले ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत टाळत राहिला. ती आता सोलापूरला परतली आहे. तिला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातही तक्रार करता येते.

तिने आधी लेखी नोटीस पाठवावी. किती रक्कम कधी दिली, खोली कधी सोडली, किती परत हवी आणि पंधरा दिवसांत न दिल्यास आयोगात जाऊ, एवढं त्यात पुरे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि ती पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा.

मग कागदपत्रं. प्रवेशाचा फॉर्म किंवा करार, डिपॉझिट दिल्याची पावती अथवा बँकेचं स्टेटमेंट, खोली सोडत असल्याचं कळवलेला मेसेज, किल्ली दिल्याची नोंद आणि सामान हलवल्यानंतर काढलेला खोलीचा व्हिडिओ. रंगकामाच्या कपातीला हा व्हिडिओच उत्तर देतो. मालकाकडे रंगाऱ्याचं बिल मागावं आणि ते मागितल्याचा मेसेजही ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं. मूळ चॅट फोनमधून पुसू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सामनेवाल्याच्या नावात. आपण ‘काका’ म्हणतो तो पुष्कळदा केअरटेकर असतो. पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि पावतीवर कोणाचं नाव आहे, ते पाहून मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि तारखांवर तारखा पडतात.

तक्रार शपथपत्रासह e-Jagriti पोर्टलवर किंवा आयोगात प्रत्यक्ष दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. मागणी स्पष्ट असावी: 20,000 रुपये, 31 मार्चपासूनचं व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा मात्र फुगवू नये.

पुढचं वेळापत्रक कायद्याने आखून दिलं आहे. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण 21 दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यानंतर आलेला जबाब आयोग घेऊ शकत नाही. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणं वर्षाच्या पुढे जातात. म्हणून मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि बहुतेक रक्कम मिळत असेल, तर गंभीरपणे विचार करावा.

निकालाविरुद्ध सामनेवाल्याला 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम 71 आणि 72 खाली अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड, यांपैकी एक किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि मालकाच्या ‘पुढच्या आठवड्यात’ने ती वाढत नाही. खोली सोडून महिना झाला आणि पैसे आले नाहीत, तर फोन करणं थांबवा आणि नोटीस पाठवा.