प्रसाधनांच्या अभिप्रायांची पारख

कृत्रिम अभिप्राय कसे रचले जातात, याचा अस्सल दस्तऐवज वाचकाच्या हाती क्वचितच लागतो. परंतु संडे रायली या अमेरिकन त्वचाप्रसाधन कंपनीच्या बाबतीत तसे घडले. तेथील अंतर्गत पत्रव्यवहार 2018 च्या ऑक्टोबरात उघडकीस आला आणि पुढील वर्षी त्या देशाच्या फेडरल ट्रेड कमिशनने दाखल केलेल्या तक्रारीत असे नमूद झाले की, 2015 ते 2017 या काळात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व नोकरांनी सेफोरा या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर खोट्या नावांनी आपल्याच मालाची स्तुती लिहिली होती.

2016 च्या जुलैतील एका पत्रात संस्थापिकेने प्रत्येकास तीन निरनिराळ्या नावांनी खाती उघडण्याची सूचना केली होती. पकडले जाऊ नये म्हणून आधी इतर कंपन्यांच्या वस्तूंवरही लिहावे, मुखलेपाच्या अभिप्रायात त्याचा थंडावा, हिरवा रंग आणि दोनतीन वापरांतच मुरुमे गेल्याचा अनुभव यांचा उल्लेख करावा, कोणी प्रतिकूल मजकूर लिहिला असेल तर त्याच्या नेमके उलट लिहावे आणि त्या मजकुरास नापसंती नोंदवून तो काढला जाईल असे करावे, असा त्या सूचनांचा आशय होता. विक्रेत्याने काही अभिप्राय काढून टाकताच संगणकाचा माग लपविण्यासाठी व्हीपीएनचीही तजवीज झाली. 2020 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. दंड मात्र झाला नाही.

या सूचना उलट्या दिशेने वाचल्या म्हणजे परीक्षेची साधने हाती येतात. मुरुमांवरील उपचारांचा गुण दिसण्यास सामान्यतः आठ ते बारा आठवडे लागतात; म्हणून दोनतीन वापरांत त्वचा निर्मळ झाल्याची साक्ष, लिहिणारा कितीही प्रामाणिक भासला तरी, त्या लेपाच्या गुणाविषयी प्रमाण मानता येत नाही. गंध, चिकटपणा, डबीची फिरकी, आग होणे या गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी कळतात आणि त्यांविषयीचे अल्पकालीन अभिप्राय उपयुक्त ठरू शकतात. त्याचप्रमाणे, एखाद्या प्रतिकूल अभिप्रायात मांडलेला दोषच पुढच्या अनेक अभिप्रायांत, कोणी विचारले नसता, आवर्जून नाकारला गेला असेल, तर शंकेस जागा आहे.

ताऱ्यांच्या सरासरीने वाचक कसा फसतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका क्रीमला तीस खऱ्या ग्राहकांनी सरासरी 3.2 तारे दिले आहेत आणि त्यांत वीस खोट्या अभिप्रायांची भर पडून त्या प्रत्येकाने पाच तारे दिले, असे समजा. खऱ्यांचे एकूण तारे 96, खोट्यांचे 100. म्हणजे पन्नास अभिप्रायांत 196 तारे होऊन सरासरी 3.9 च्या वर जाते आणि मध्यम प्रतीची वस्तू उत्तम भासू लागते. म्हणून सरासरीवर न थांबता अभिप्राय तारखेच्या क्रमाने लावावेत. ते वीस जर एकाच आठवड्यात आले असतील, तर त्या आठवड्याच्या आधीचे व नंतरचे अभिप्राय वेगळे वाचावेत. सवलत किंवा नवी जाहिरात यांमुळेही अशी गर्दी होते, हे ध्यानात ठेवून त्यांतील मजकूर व लिहिणाऱ्यांची इतर लेखी नोंद तपासल्यावाचून निकाल देऊ नये.

‘व्हेरिफाइड पर्चेस’ ही खूण पुष्कळांना निर्णायक वाटते. परंतु तिने खरेदी झाली एवढेच सिद्ध होते. पाच तारे दिल्यावर किंमत परत करण्याचा गुप्त करार असेल, तर ती खूण तशीच राहते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने 2022 च्या नोव्हेंबरात आय.एस. 19000 हे मानक जाहीर करून, विकत घेतलेले किंवा त्यासाठीच नेमलेल्या व्यक्तींकडून लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असे सांगितले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात आले आणि खातरजमेचा बराच भार ग्राहकावरच राहिला.

म्हणून प्रारंभ तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांपासून करावा, कारण मध्यम गुण विकत घेण्याचे कोणास फारसे प्रयोजन नसते. ज्यांत वापराचा कालावधी, त्वचेचा प्रकार, ऋतू आणि गुण व दोष दोन्ही नोंदलेले आहेत, त्यांस अधिक वजन द्यावे. आणि सर्व छाननीनंतरही अस्सल अभिप्राय दुसऱ्याच्या त्वचेविषयीच बोलत असल्यामुळे, नवे क्रीम चेहऱ्यास लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून काही दिवस त्या जागी लाली अथवा खाज उठते का, हे पाहण्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे.